पाटीवर कुठला आकडा आहे?

एका दुकानात वस्तूवर १००० ची चिठ्ठी आहे. तुम्ही कार्ड पुढे करता तेव्हा काउंटरवरचा माणूस म्हणतो, "कार्डाला तीन टक्के वर पडतील." शेजारच्या दुकानात त्याच वस्तूवर १०३० ची चिठ्ठी आहे. तुम्ही नोटा काढता तेव्हा तिथला माणूस म्हणतो, "रोख देताय? मग हजारच द्या." दोन्हीकडे रोखीचा भाव १००० आणि कार्डाचा १०३०. तरी पहिल्या दुकानातून गिऱ्हाईक कुरकुरत बाहेर पडतं आणि दुसऱ्यातून खूश होऊन.

हिशेबी माणसाचं यावरचं उत्तर ठरलेलं आहे: फरक नुसता शब्दांचा, आकडे बघा, आकडे सारखेच आहेत. मी दुकानांचे हिशेब लिहिणारा माणूस, त्यामुळे मीही बरीच वर्षं हेच म्हणत होतो. आता म्हणत नाही. शेवटी खिशातून गेलेली रक्कम दोन्हीकडे सारखी असली, तरी वस्तू हातात घ्यायची की नाही हे ठरवताना डोळ्यांसमोर कोणता आकडा होता, हे दोन्हीकडे सारखं नसतं. पहिल्या दुकानातला अधिभार आणि दुसऱ्यातली रोख सवलत यांतला खरा फरक तिथे आहे. आणि त्या फरकाच्या आडोशाने बराच चावटपणा चालतो, म्हणून हा लेख.

आधी कार्डाचा हा खर्च येतो कुठून ते पाहू. हजाराचं बिल कार्डावर झालं की दुकानाच्या खात्यात हजार जमा होत नाहीत. समजा ९८० होतात. मधले २० तिघांत वाटले जातात. सर्वांत मोठा वाटा, समजा १५, जातो गिऱ्हाइकाला कार्ड देणाऱ्या बँकेला. या वाट्याला इंटरचेंज म्हणतात. व्हिसा किंवा मास्टरकार्डसारख्या नेटवर्ककडे साधारण दीड जातो. उरलेले साडेतीन दुकानाला मशीन देऊन व्यवहार पार पाडणाऱ्या बँकेचे किंवा कंपनीचे. वाटणीचे हे आकडे मी समजण्यासाठी घेतले आहेत, देशागणिक आणि कार्डागणिक ते बदलतात. पण मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेचा, हा क्रम बहुतेक ठिकाणी असाच असतो.

यात एक खोच आहे. इंटरचेंजचा दर नेटवर्क ठरवतं, पैसे बँकेला मिळतात आणि भरतो दुकानदार. ज्याला भरायचे आहेत त्याला दर ठरवण्यात स्थान नाही. वर, नेटवर्कला जास्तीत जास्त बँकांनी आपलं कार्ड वाटायला हवं असतं, आणि त्यासाठी बँकांना जास्त इंटरचेंज देऊ करणं हाच सोपा मार्ग असतो. इतर धंद्यांत स्पर्धा वाढली की भाव पडतात. इथे स्पर्धेमुळे तो चढू शकतो. पॉइंट आणि कॅशबॅक देणारी भारी कार्डं दुकानाला साध्या कार्डापेक्षा महाग पडतात त्याचं कारणही हेच. तो कॅशबॅक बँक आपल्या खिशातून देत नाही, या पंधरातूनच देते.

दोन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण ते विक्रीवर असतात, नफ्यावर नव्हे. ज्या दुकानाला सगळा खर्च वजा जाता विक्रीच्या चार टक्के उरतात, त्याच्या दृष्टीने कार्डावरचा प्रत्येक व्यवहार म्हणजे निम्मा नफा दुसऱ्याच्या हवाली करणं. त्यात शुल्काचा काही भाग ठोक असला तर छोट्या बिलांची आणखी पंचाईत. अमेरिकेत मोठ्या बँकांच्या डेबिट कार्डांसाठी २०११ पासून इंटरचेंजला कमाल मर्यादा आहे: व्यवहारामागे २१ सेंट आणि रकमेच्या ०.०५ टक्के. पाचशे डॉलरच्या बिलावर हे ४६ सेंट होतात, म्हणजे एक दशांश टक्काही नाही. पाच डॉलरच्या बिलावर मात्र साधारण २१ सेंट म्हणजे सव्वाचार टक्के. "अमुक रकमेखाली कार्ड चालणार नाही" अशी पाटी लावणारा दुकानदार नेहमी अडेलतट्टू असतो असं नाही. पुष्कळदा त्याने हा भागाकार करून पाहिलेला असतो.

मग हा खर्च वसूल कसा करायचा? सर्वांत सोपा आणि सर्वाधिक वापरला जाणारा मार्ग म्हणजे काहीच न बोलणं. निम्मं गिऱ्हाईक कार्डाचं असेल तर दर हजारामागे सरासरी खर्च दहा. दुकानदार चिठ्ठीवर १०१० लिहितो आणि विषय संपवतो. कोणाची तक्रार येत नाही. पण या शांततेत काय घडलं ते पाहा. रोख देणाऱ्याने ज्या सेवेचा वापरच केला नाही तिचे दहा भरले. कार्डवाल्याने वीस खर्च करायला लावले आणि दहाच भरले. वर त्याच्या बँकेने त्याला पंधराचे पॉइंट दिले असतील, तर तो एकूण पाचाच्या फायद्यात. चांगलं कार्ड साधारणपणे चांगल्या पगाराच्या माणसाकडे असतं. ज्याला असं कार्ड मिळत नाही तो नोटा मोजतो आणि नोटा मोजता मोजता दुसऱ्याच्या पॉइंटांत भर घालतो. याला मी समान भाव म्हणायला तयार नाही. भावाची चिठ्ठी फक्त समान आहे.

म्हणून वेगळे भाव ठेवावेत या मागणीत तथ्य आहे, आणि अधिभार लावणाऱ्या दुकानदाराला सरसकट लुटारू ठरवणाऱ्यांशी माझं जमत नाही. वेगळा भाव असला की निदान गिऱ्हाइकाला कळतं, की कार्ड फुकट नाही.

आता प्रश्न उरतो तो वेगळा भाव सांगण्याचा. इथे कार्ड उद्योगाने फार लवकर ओळखलेली एक गोष्ट आहे. अमेरिकेत १९७४ साली कायद्याने ठरवलं की रोख देणाऱ्याला सवलत द्यायला कार्ड कंपनी दुकानाला मनाई करू शकत नाही. दोनच वर्षांनी, १९७६ मध्ये, त्याच कायद्यात दुरुस्ती आली: सवलत चालेल, अधिभार चालणार नाही. १९८१ मध्ये सवलतीवरची पाच टक्क्यांची मर्यादा उठली आणि अधिभारावरची बंदी पुढे चालू राहिली. १९८४ मध्ये ती संघराज्याच्या पातळीवर संपली. मग न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया यांसारख्या काही राज्यांनी आपापले कायदे ठेवले, आणि नेटवर्कच्या करारांत तर बंदी होतीच. आकडे जर दोन्हीकडे सारखेच असतील, तर एका शब्दाला परवानगी आणि दुसऱ्याला बंदी मिळावी म्हणून इतकी खटपट कोण कशाला करेल?

अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर यांनी १९८० मध्येच हे उदाहरण घेऊन त्यामागचं कारण मांडलं होतं. खिशातून जादा जाणं माणसाला जितकं बोचतं, तितका तेवढीच रक्कम वाचल्याचा आनंद होत नाही. चिठ्ठीवर १००० असेल तर १०३० देणं हा तोटा वाटतो आणि कार्डवाला नोटा शोधू लागतो. चिठ्ठीवर १०३० असेल तर ३० ची सवलत सोडणं ही फक्त हुकलेली संधी, तीही सहज सोडून देता येण्याजोगी. कार्ड उद्योगाला म्हणूनच सवलत परवडते आणि अधिभार परवडत नाही. सवलतीमुळे थोडे लोक कार्ड खिशात ठेवतात, अधिभारामुळे बरेच.

हा सगळा गुंता अखेर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर गेला, आणि गेला तो एका केशकर्तनालयाच्या निमित्ताने. न्यूयॉर्कच्या कायद्याविरुद्ध व्यावसायिकांनी दावा लावला होता आणि त्यांत एक हेअर सलून होतं. त्यांना पाटी लावायची होती ती साधारण अशी: १० डॉलर, क्रेडिट कार्डाला ३ टक्के अधिभार. न्यूयॉर्कच्या कायद्याने ते चालत नव्हतं. मात्र १० डॉलर ३० सेंट लिहून रोखीला ३० सेंट कमी करायला हरकत नव्हती. मार्च २०१७ च्या निकालात न्यायालयाने म्हटलं, की दुकानाने किती पैसे घ्यावेत यावर या कायद्याने बंधन घातलेलं नाही, घेतलेले पैसे कोणत्या शब्दांत सांगावेत यावर घातलं आहे. म्हणजे हा किंमतीवरचा नव्हे, बोलण्यावरचा निर्बंध ठरतो आणि त्याची तपासणी अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या कसोटीवर व्हायला हवी.

निकाल वाचला तेव्हा मला तो पूर्णपणे पटला होता. दुकानदाराला "बँकेमुळे हे ३० सेंट वाढले" असं सांगू न देणं म्हणजे बँकेच्या शुल्कावर पडदा टाकणंच. पण नंतर मी दुसऱ्या बाजूने विचार करू लागलो. त्या पाटीवर मोठ्या अक्षरांत काय असणार? १० डॉलर. आणि ३ टक्के किती अक्षरांत? पाटी दारावर असणार की गल्ल्याच्या मागे? कार्डाच्या भावाचा हिशेब कोण करणार? १० ला ३ टक्के सोपे आहेत. ३४७ ला ३.२५ टक्के तोंडी किती जण करतील, तेही मागे रांग असताना? बोलण्याचं स्वातंत्र्य दुकानदाराला हवंच, पण भावाचा शेवटचा आकडा काढायचं काम गिऱ्हाइकावर ढकलायचं स्वातंत्र्य त्यात येत नाही. न्यूयॉर्कनेही पुढे नेमका हाच तोडगा काढला. फेब्रुवारी २०२४ पासून तिथे अधिभार घेता येतो, पण कार्डाने पडणारी पूर्ण किंमत टक्क्यांत नव्हे, डॉलर आणि सेंटमध्ये लिहावी लागते. आणि तो अधिभार दुकानाला कार्ड कंपनीकडून जो खर्च पडतो त्याहून जास्त असता कामा नये.

टक्केवारीत आणखी एक बारीक चकवा आहे आणि तो दोन्ही बाजूंना फसवतो. दुकानाला २ टक्के शुल्क पडतं म्हणून त्याने हजारावर २ टक्के लावले, बिल १०२० झालं. पण शुल्क १०२० वर कापलं जातं, म्हणजे २० नव्हे, २०.४०. हातात ९९९.६०. पूर्ण हजार हवे असतील तर हजाराला ०.९८ ने भागून १०२०.४१ घ्यायला हवेत. उलट बाजूने, १०३० लिहिणाऱ्या दुकानाने "रोखीला ३ टक्के सूट" जाहीर केली तर रोखीचा भाव हजार होत नाही, ९९९.१० होतो. हजार करायचा तर सूट सुमारे २.९१ टक्के. वर चढताना हजाराचे तीन टक्के आणि खाली उतरताना एक हजार तीसचे, असा हा मामला. एका बिलात यातून काही बुडत नाही, पण "आकडे सारखेच आहेत" असं म्हणणाऱ्याने निदान आकडे तरी नीट सारखे करावेत.

आता चावटपणाकडे येतो. एका बिलाची नक्कल माझ्यासमोर आहे असं समजा. पहिल्या ओळीत वस्तू, १०००. दुसऱ्या ओळीत "सेवा आकार", ४०. बेरीज १०४०. रोखीने भरणाऱ्याच्या बिलावर आणखी एक ओळ येते: "रोख सवलत", वजा ४०, देय १०००. दारावर पाटी असते, "आमच्याकडे रोखीला सवलत आहे." शेल्फवरच्या चिठ्ठीवर किती होतं? १०००.

ही सवलत नाही. चिठ्ठीवर हजार, रोख देणाऱ्याकडून हजार घेतले, त्याला काय सुटलं? कशावरूनही काहीही कमी झालेलं नाही. यंत्राने आधी चाळीस चढवले आणि रोखवाल्याला ते परत उतरवून दिले. कार्डवाल्याला मात्र चिठ्ठीपेक्षा जास्त पडलं, आणि चिठ्ठीपेक्षा जास्त पडणं यालाच अधिभार म्हणतात. ओळखायची खूण इतकी सोपी आहे, की तिला कायद्याचं ज्ञान लागत नाही: शेल्फवरचा आकडा कोण भरतो ते बघा. तो कार्डवाला भरत असेल आणि रोखवाला त्याहून कमी, तर ती सवलत. तो रोखवाला भरत असेल आणि कार्डवाला त्याहून जास्त, तर तो अधिभार. बिलावर त्याला काहीही नाव दिलेलं असो, सेवा आकार, सुविधा शुल्क किंवा आणखी काही.

हे नाव बदलण्याचं कारणही उघड आहे. अधिभाराला नियम लागू होतात. अमेरिकेतच पाहा: डेबिट कार्डावर अधिभार घेताच येत नाही, क्रेडिट कार्डावर घ्यायचा तर आधी कळवावं लागतं, दारावर आणि गल्ल्यावर पाटी लावावी लागते, आणि व्हिसाने २०२३ मध्ये कमाल मर्यादा ४ वरून ३ टक्क्यांवर आणली. सवलतीला यातलं काहीच नाही. तेव्हा अधिभारालाच सवलतीचा अंगरखा घातला की डेबिट कार्डावरही ४ टक्के घेता येतात. व्हिसाने २०१८ मध्येच दुकानांना मशीन देणाऱ्यांना बजावलं होतं, की शेवटी जादा आकार चढवणारी ही पद्धत सवलत नव्हे. ती थांबली मात्र नाही.

न थांबण्याचं कारण समजायला वरची वाटणी पुन्हा काढावी लागेल. दुकानदार स्वतः २० भरत होता तेव्हा मशीन देणाऱ्या कंपनीच्या पदरात साडेतीन पडत होते. कंपनीचा माणूस येऊन सांगतो, "तुम्ही आता एक पैसाही भरू नका, शुल्क शून्य, सगळं गिऱ्हाइकाकडून येईल." बिल १०४० चं होतं. बँकेचे आणि नेटवर्कचे मिळून हजारामागे साडेसोळा, म्हणजे १०४० वर साधारण सव्वासतरा. दुकानाला पूर्ण हजार मिळाले. उरलेले जवळपास तेवीस कंपनीचे. साडेतीनाचे तेवीस झाले, आणि दुकानदार खूश आहे. त्याने खूश का असू नये? त्याचं शुल्क खरोखरच शून्य झालं आहे.

मला या योजनेत सर्वांत खटकणारी गोष्ट हीच आहे, चार टक्क्यांच्या आकड्यापेक्षाही. अधिभाराच्या बाजूने मांडला जाणारा सगळ्यांत चांगला युक्तिवाद असा, की त्यामुळे बँकांच्या शुल्कावर दबाव येतो: गिऱ्हाइकाला खर्च दिसतो, तो स्वस्त साधन निवडतो, मग बँकांना दर खाली आणावे लागतात. पण मशीन कोणत्या कंपनीचं घ्यायचं हे गिऱ्हाईक ठरवत नाही. ते दुकानदार ठरवतो. पूर्वी तो दोन कंपन्यांचे दर ताडून घासाघीस करायचा, कारण पैसे त्याच्या गल्ल्यातून जात होते. आता निवड त्याची आणि बिल दुसऱ्याचं. घासाघीस करणारा एकमेव माणूस व्यवहारातून उठून गेला. अशा अधिभाराने शुल्क उतरणार नाही, चढेल.

बँकांच्या शुल्कावरचा तो दबाव प्रत्यक्षात आणायचा प्रयत्न ऑस्ट्रेलियाने केला. तिथल्या रिझर्व्ह बँकेने २००३ पासून अधिभारावरची नेटवर्कची बंदी उठवली आणि त्याच सुमाराला इंटरचेंजवरही मर्यादा आणली. हेतू स्वच्छ होता: महाग कार्ड वापरणाऱ्याला महाग पडू द्या. काही वर्षांत दिसलं, की काही व्यावसायिक खर्चापेक्षा कितीतरी जास्त घेत आहेत. विमानाच्या तिकिटांवर तर ठोक रक्कम लागायची. लांबच्या महाग तिकिटावर ती माफक वाटे, स्वस्त तिकिटावर खऱ्या शुल्काच्या कैकपट होई. शेवटी २०१६ मध्ये कायदा करून अधिभार प्रत्यक्ष खर्चाइतकाच घेता येईल असं बंधन आलं, आधी मोठ्या व्यावसायिकांवर आणि वर्षभराने सगळ्यांवर. म्हणजे परवानगी द्यायला एक नियम पुरला, आणि तिला वेसण घालायला तेरा वर्षं लागली.

युरोपने उलट क्रम धरला. २०१५ च्या नियमाने इंटरचेंजच कापलं: ग्राहकांच्या डेबिट कार्डावर जास्तीत जास्त ०.२ टक्के, क्रेडिट कार्डावर ०.३ टक्के. मग जानेवारी २०१८ पासून या कार्डांवर अधिभार घ्यायला बंदी केली. मला हा क्रम जास्त शहाणपणाचा वाटतो. पंधराचा वाटा तीनवर आणून ठेवल्यावर दुकानदाराला "आता वेगळे मागू नकोस" असं सांगायचा अधिकार सरकारला पोहोचतो. पंधरा तसेच ठेवून फक्त मागण्यावर बंदी घालणं म्हणजे तो खर्च पुन्हा चिठ्ठीच्या पोटात ढकलणं आणि रोखवाल्याच्या माथी मारणं. अधिभारबंदीची मागणी करणाऱ्यांपैकी बरेच जण हे सांगत नाहीत. त्यांना खर्च नाहीसा व्हायला हवा असतो की फक्त दिसेनासा, हे त्यांना विचारायला हवं.

रोखीच्या बाजूनेही एक खडा मारायला हवा, नाहीतर हिशेब एकांगी होईल. अधिभार लावणारा दुकानदार असं धरून चालतो, की रोख फुकट आहे. ती तशी नसते. रात्री गल्ला मोजायला कोणीतरी अर्धा तास बसतं. दिवसाकाठी थोडीफार तूट येते आणि ती कुठे गेली हे कधी कळत नाही. सुट्टे आणावे लागतात, बँकेत भरणा करायला जावं लागतं, काही बँका त्यावर आकार घेतात, खोटी नोट निघाली तर ती दुकानाचीच. मी लिहिलेल्या वह्यांत या खर्चाला स्वतंत्र सदर क्वचितच असतं. तो पगारात आणि "किरकोळ" मध्ये विरघळलेला असतो. कार्डाचं शुल्क मात्र महिन्याच्या विवरणात एका ओळीत ठसठशीत येतं, म्हणून तेच डोळ्यांत सलतं. रोखीचा खर्च समजा हजारामागे आठ असेल आणि कार्डाचा वीस, तर दोघांतला न्याय्य फरक बाराचा आहे, विसाचा नव्हे. पूर्ण वीस अधिभार लावणारा दुकानदार कार्डवाल्याकडून त्याचा स्वतःचा खर्च वसूल करतो आणि शिवाय रोख हाताळण्याचे आठही चिठ्ठीतल्या भावातून त्याच्याच माथी ठेवतो. रोख सवलत देणाऱ्याने हा विचार आधीच केलेला असतो असं नाही, पण सवलत किती द्यायची हे ठरवताना तो सहसा हात आखडता घेतो, त्यामुळे नकळत बाराच्या जवळ येतो. (सवलत देणाऱ्याला नोटांमध्ये रस असण्याचं आणखी एक कारण असू शकतं आणि ते कर खात्याला चांगलं ठाऊक आहे.)

या सगळ्यातून माझं मत बनलं ते असं. दुकानाला दोन भाव ठेवायची मोकळीक असावी, मात्र शेल्फवर आणि दारावर जो आकडा मोठ्या अक्षरांत लिहिलेला आहे, त्याहून एक पैसाही जास्त कुठल्याही गिऱ्हाइकाला पडता कामा नये. त्याखाली दुकानदाराने वाटेल तेवढं उतरावं, रोखीला, डेबिटला, ज्याला हवं त्याला. अधिभार या नावाला माझा विरोध नाही. पाटीवर "कार्डाने १०३०, रोख १०००" असे दोन्ही आकडे सारख्याच अक्षरांत असतील, तर त्यातल्या तीसाला काय म्हणायचं यावर मी वाद घालणार नाही. वाद गल्ल्यापाशी उगवणाऱ्या आकड्याशी आहे. वस्तू निवडून झाली, रांगेत उभं राहून झालं, पिशवी भरली गेली, आणि मग कळलं. त्या क्षणी "नको" म्हणणारा माणूस विरळा, आणि दुकानदाराला तेही माहीत असतं.

यावर दुकानदारांचा आक्षेप खरा आहे: मी १०३० लिहिलं आणि शेजाऱ्याने १००० लिहून वर तीस लावले, तर लोक त्याच्याकडे जातील. अगदी बरोबर. म्हणूनच हा नियम एकट्या प्रामाणिक दुकानदाराच्या भरवशावर सोडून चालत नाही, तो सगळ्यांना एकाच दिवशी लागू व्हावा लागतो. अधिभाराचं आकर्षण निम्मं याच्यातच आहे, की चिठ्ठी स्वस्त दिसते.

आणि कोणाला आपल्या दुकानाचा व्यवहार कोणत्या जातीचा आहे याची शंका असेल, तर घेतलेली वस्तू परत करून पाहावी. कार्डाने १०३० भरलेल्या माणसाने वस्तू परत आणली. नेटवर्कचा नियम सांगतो की अधिभारासकट पैसे परत द्यायचे, म्हणजे १०३०, मग दुकानाला आपलं शुल्क परत मिळो न मिळो. सवलतीच्या दुकानात तर प्रश्नच नाही: भाव १०३०, परत १०३०, आणि रोखीने घेतलेल्याला १०००, कारण त्याने तेवढेच दिले होते. पण काही ठिकाणी काउंटरवरचा माणूस हजार पुढे सरकवतो आणि म्हणतो, "ते तीस मशीनचे, ते परत होत नाहीत." घेताना जे वस्तूच्या भावात धरलं होतं, ते परत देताना मशीनचं झालं.